गजाच्या दारचं स्मरणपत्र

मे महिन्याच्या नऊ तारखेपासून गजा माझ्याशी बोललेला नाही. तारीख लक्षात असायचं कारण असं की त्या तारखेच्या कागदाखाली माझी सही आहे. आणि गजा राहतो कुठे, तर माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर, आठ नंबरमध्ये. मधे अठरा पायऱ्या. त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली तरी मला ऐकू येते. तीन महिने झाले, मी ती ऐकतोच आहे.

मी दत्ता. खालापूरच्या तहसील कचेरीत चौतीस वर्षं नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शेवटची बारा वर्षं वसुलीच्या टेबलावर. मग कर्जतला दहिवलीत हा फ्लॅट घेतला. बायको गेली त्याला आता सहा वर्षं होतील. मुलगा जहाजावर असतो, सून समिधा माझ्याजवळ राहते आणि साजगावच्या एका कारखान्यात कामगारांच्या रजा-पगाराची पत्रं लिहिते. अठ्ठावीस फ्लॅटची आमची सोसायटी. निवृत्त माणूस दिसला की लोक त्याला सेक्रेटरी करतात, तसं मलाही केलं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

गजा माथेरानच्या एका हॉटेलात मुख्य स्वयंपाकी होता. तिथून सुटल्यावर लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा. रोज संध्याकाळी पाचला आम्ही दोघं उल्हास नदीच्या पुलापर्यंत जायचो. येताना त्याच्या खिशात कागदाची पुडी असायची. तळलेलं काहीतरी, रोज निराळं. "खा नि खरं सांग," म्हणायचा. मी मीठ कमी आहे म्हटलं की चिडायचा. "तुज्या जिभेला सरकारी शिक्का लागलाय रं दत्ता, तुला चव काय कळनार!" आता मी एकटा पुलापर्यंत जातो आणि परत येतो. माझी चेष्टा करणारं माणूस उरलेलं नाही. सगळे मला काका म्हणतात, साहेब म्हणतात, आणि आदराने वागवतात. आदराचा कंटाळा येतो.

तर मे महिन्यात काय झालं ते सांगतो. सात जणांचा मेंटेनन्स थकला होता. पंपाचं बिल भरायला खात्यात पैसे नव्हते. मी कागद तयार केला: "कसूरदार सभासदांची यादी. खालील इसमांनी संस्थेचे देणे अदा करण्यात कसूर केली असून, सात दिवसांत भरणा न केल्यास पुढे होणाऱ्या परिणामांस ते सर्वस्वी जबाबदार राहतील." खाली नावं, फ्लॅट नंबर, रकमा. तिसरं नाव गजाचं. जानेवारीपासून चार महिने, सहा हजार रुपये. जिन्याखालच्या फळ्यावर मी तो स्वतः टाचण्यांनी लावला.

गजाचं नाव गाळावं असं एकदा मनात आलं होतं. पण मी म्हटलं, मित्र म्हणून वगळला तर पक्षपात होईल. वसुलीच्या टेबलावर मी सख्ख्या मावसभावालाही नोटीस काढली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. हा अभिमान किती वर्षं मिरवला मी! मावसभाऊ त्यानंतर घरी आला नाही, हे मात्र कुणाला सांगत नसे.

नऊ तारखेला संध्याकाळी पाचला मी खाली उतरून थांबलो. साडेपाच झाले. गजा आला नाही. नंतर कळलं की तो मागच्या फाटकाने बाहेर पडतो. मागच्या फाटकाने गेलं की बाजारात जायला मोठा वळसा पडतो.

परवाच्या रविवारी कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष नीलेश, वय पस्तीस, पनवेलला गाड्यांच्या शोरूममध्ये. खजिनदार जागृती, तिचं स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान. ऑगस्ट उजाडला होता आणि सातांपैकी दोघांनीच पैसे भरले होते.

"काका, पाणी तोडा दोन दिवस," नीलेश म्हणाला. "सगळे पळत येतील."

"पाणी तोडता येत नाही. बेकायदा आहे ते," मी म्हणालो. "उलट आपल्यावरच तक्रार होईल."

"मग ग्रुपवर यादी टाकू. मोबाईलवर आली की लाजेनं भरतात लोक."

"फळ्यावर लावली होती की," जागृती म्हणाली. "लाजले ना. मागच्या फाटकानं जायला लागले. पैसे कुठं आले?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही, पण मला ते नेमकं लागलं. शेवटी असं ठरलं की पुन्हा एक स्मरणपत्र काढायचं, ठाम असावं पण कुणाला टोचू नये, आणि ते अर्थात मीच लिहायचं. "तुमच्याएवढी भाषा कुणाची आहे काका," नीलेश म्हणाला. तो टोमणा नव्हता, बिचाऱ्याला खरंच तसं वाटतं.

रात्रीचं जेवण मी लवकर करतो म्हणून त्या दुपारीच टेबलाशी बसलो. चार ओळी लिहिल्या आणि समिधाला दाखवल्या. तिची सुट्टी होती, ती कोथिंबीर निवडत होती.

"'कळविण्यात येते की' हे कोण कळवतंय?" ती म्हणाली.

"संस्था."

"संस्था म्हणजे कोण, बाबा? खाली सही तुमची आहे. तुम्ही कळवताय. मग 'कळवतो' लिहा." कोथिंबिरीच्या देठानेच तिने कागदावर रेघ मारल्यासारखं केलं. "आणि 'कसूरदार' काढा. 'थकबाकीदार'सुद्धा नको. माणसाला नाव ठेवायचं नाही. बाकी राहिली आहे एवढंच लिहायचं. बाकी ही वस्तू आहे, माणूस नाही."

"मग धाक कसा राहणार?"

"तारखेनं राहतो. रक्कम किती, कधीपर्यंत, कशी भरायची, नाही भरली तर काय होईल. एवढं स्वच्छ लिहिलं की धाक आपोआप येतो. आवाज चढवला की लोक आवाजाशी भांडतात नि रक्कम विसरतात." कारखान्यात ती रोज हेच करते. एवढी वर्षं मी तिला घरातली पोरगी समजत होतो.

मग आम्ही दोघं एकेक वाक्य घेऊन बसलो. मी लिहिलं, "सर्वांनी वेळेवर भरले असते तर ही वेळ आली नसती." तिने खोडलं, म्हणाली, हा टोमणा आहे. मी लिहिलं, "आपणांस लाज वाटावयास हवी असे नाही, परंतु." ती हसून हसून खाली बसली. "बाबा, लाज हा शब्द नको म्हणताना तुम्ही तोच लिहिलात!" व्याजाचं मी सोडू म्हणत होतो. ती म्हणाली, सोडायचा अधिकार तुम्हाला आहे का? नव्हताच. व्याजाचा दर सर्वसाधारण सभेने ठरवलेला, माफ करायचं तर तेही सभेनेच. कमिटी फार तर हप्ते पाडून देऊ शकते. मग तेच लिहिलं, जसं आहे तसं. खोटा मऊपणा नको, ती म्हणाली, उद्या व्याज दिसलं की फसवल्यासारखं वाटेल.

वसुलीसाठी निबंधक कार्यालयाकडे जाऊ, हे वाक्य ठेवायचं की नाही यावर अर्धा तास गेला. मला ते सगळ्यात वर हवं होतं. शेवटी खाली गेलं आणि तेही एकाच वाक्यात.

"अडचण असल्यास" हे वाक्य मात्र मी सात वेळा लिहिलं. "अडचण असल्यास लेखी अर्ज करावा." "अडचण असल्यास कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा." आमचं कार्यालय म्हणजे पंपाशेजारची खोली. प्रत्येक वेळी लिहिताना डोळ्यांसमोर गजा यायचा, त्याचा तो पुडी पुढे करणारा हात यायचा. मला लिहायचं होतं की गजा, तू ये रे, पैसे गेले खड्ड्यात. पण ते पत्र एकट्या गजाचं नव्हतं. शेवटी समिधानेच विचारलं, "तुम्हाला हे कुणाला सांगायचंय?" मी म्हटलं, सगळ्यांना. ती कोथिंबीर उचलून आत गेली.

पत्र झालं ते असं:

"सप्रेम नमस्कार. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई आणि वॉचमनचा पगार हे सगळं आपल्या मासिक वर्गणीतून चालतं. काही घरांची वर्गणी मागे राहिल्याने या महिन्यात वीजबिल भरणं अवघड झालं आहे. आपल्या फ्लॅटची आजची स्थिती सोबतच्या चिठ्ठीत दिली आहे. बाकी असल्यास ती ३१ ऑगस्टपर्यंत भरावी. चेक किंवा मोबाईलवरून भरता येईल. हिशोबात काही चूक वाटली तर जरूर दाखवावी. उशिराच्या रकमेवर सभेने ठरवलेलं व्याज लागतं, ते कमी करणं कमिटीच्या हातात नाही. पण एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते ठरवून देऊ. मला सांगा, घरी या किंवा मी येतो. ही गोष्ट आपल्यातच राहील. बाकी तशीच वाढत गेली तर संस्थेला वसुलीसाठी निबंधक कार्यालयाकडे जावं लागतं. तसं जायची वेळ आपल्या कुणावर येऊ नये. आपला शेजारी, दत्ता, सेक्रेटरी."

"आपला शेजारी" हे माझं. ते समिधाने सुचवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी जागृतीच्या दुकानात प्रती काढल्या आणि हिरूला हाक मारली. हिरू आमचा वॉचमन, डोंगराकडच्या ठाकरवाडीतला, पन्नाशीचा. मे महिन्यात त्यानेच सातही घरी त्या यादीची नोटीस पोचवून सह्या आणल्या होत्या. मी त्याच्यापुढे नेहमीचं पोच-रजिस्टर ठेवलं. तो हात लावीना.

"सायेब, ह्या टायमाला माला नगा पाठवू," तो म्हणाला.

"का रं?"

"माला वाचता येत न्हाय, पन बगता येतं. ह्या वहीत एकाच पानाव सात सह्या. ज्याला त्याला आदी वरची नावं बगायची असत. आपल्या आदी कोन हाय, मागं कोन हाय. आठ नंबरच्या गजाभाऊनी तं पेन हातात घेऊन किती येळ नुसतं बगलं. मंग माला इच्यारलं, ही वही दत्तानं दिली का? मी म्हनलं, व्हय."

फळ्यावरचा कागद मी पंधरा दिवसांनी काढला होता आणि समजत होतो की विषय मिटला. रजिस्टरचा मला विचारच शिवला नव्हता. कचेरीत पोच अशीच घेतात, एकाखाली एक. चौतीस वर्षं मी लोकांना एकमेकांची नामुष्की वाचायला देत आलो आणि त्याला व्यवस्थित काम म्हणत आलो. कालचा अख्खा दिवस आम्ही शब्द घासले, आणि हे वहीचं पान त्या सगळ्या शब्दांवर पाणी ओतणार होतं.

जागृतीला फोन लावला. ती हुशार आहे, लगेच म्हणाली, "काका, अठ्ठावीस पाकिटं करू. सगळ्यांना सारखीच. ज्याची बाकी नाही त्याच्या चिठ्ठीत शून्य नि आभार. पोच ज्याच्या-त्याच्या प्रतीवर. कुणाच्या हातात काय आहे ते बाहेरून कळायचंच नाही." दुपारपर्यंत पाकिटं बंद झाली. नीलेशच्या चिठ्ठीतही शून्य नव्हतं. अध्यक्षांचेच दोन महिने राहिले होते. जागृतीने मला डोळ्यांनी खुणावलं आणि पाकीट चिकटवलं. ग्रुपवर यादी टाकणार होता गडी!

पाकिटं मी स्वतः वाटायला निघालो. पिशवी खांद्याला, एक नंबरपासून सुरुवात. लोक दार उघडत, सही देत, पाकीट घेत. पाच नंबरच्या हर्षलाने, जिची बाकी सगळ्यात जास्त होती, उंबऱ्यातच पाकीट फोडून वाचलं आणि म्हणाली, "काका, मी उद्या येऊ? संध्याकाळी?" तिचा आवाज खाली आला होता, पण ती पळत नव्हती. पत्र चाललं होतं. मला एवढं बरं वाटलं की सहा आणि सात नंबर मी जवळजवळ धावतच केले.

आठ नंबरपुढे थांबलो. दाराला झेंडूचं जुनं तोरण होतं. तीन महिन्यांत मी या दारावरून कितीदा गेलो असेन, दरवेळी पाय हळू व्हायचा आणि मी तो पुढे काढायचो. बेल वाजवली.

गजानेच दार उघडलं. तो बारीक झाला होता. हातात काठी होती. काठी! मी काठीकडे बघत राहिलो.

"बोला सेक्रेटरी," तो म्हणाला.

"पत्र आहे. सगळ्यांना आहे," मी घाईने सांगितलं. "अठ्ठावीस घरांना."

त्याने पाकीट घेतलं, भिंतीला टेकून उघडलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि सगळं वाचलं. चिठ्ठीही वाचली. मी पोचीची प्रत हातात धरून उभा. आत गौराबाई, त्याची बायको, भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

"चांगलं लिवलंय," तो म्हणाला. "कुनाला लागनार नाय. पेन द्या."

"गजा, पायाला काय झालं?"

"गुडघा. जानेवारीपासून उबं ऱ्हायला येत नाय. चुलीपुढं सहा सहा तास उबं ऱ्हायला लागतं, ऑर्डरी गेल्या सगळ्या." त्याने सही केली, खाली तारीखही घातली. "हप्ते पाडून द्या. महिन्याला दोन हजार भरतो."

"जानेवारीपासून? अरे पण आपण तर रोज पुलापर्यंत..."

"मी मागं पडायचो. तुमी पुडं जाऊन म्हनायचात, म्हातारा झालास गजा." त्याने प्रत माझ्या हातात दिली. "चार महिने माजे पैशे आले नायत, ते तुमाला वहीत दिसलं. मंग तुमी यादी केली. इच्यारलं नाय. पत्रात लिवलंय ना हितं, अडचन असंल तर मला सांगा, मी येतो. लय ब्येस वाक्य हाय. हेच तेवा अठरा पायऱ्या उतरून बोलला असतात, तर कागद लागला नसता."

"आता आलोय ना मी," मी म्हणालो.

"आता सेक्रेटरी आलेत," गजा म्हणाला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याने दार लावलं, आवाज न करता.

मी जिन्यात उभा राहिलो. पिशवीत अजून वीस पाकिटं होती. पत्र बिनचूक होतं. हर्षलाला लागू पडलं, उद्या नीलेशलाही पडेल, वीजबिल भरलं जाईल. आणि माझा माणूस त्या दारामागे तसाच राहील, महिन्याला दोन हजार भरत, तुमी-तुमी करत. तो चार हातांवर असताना मला त्याची फार आठवण आली. मला गजा हवा होता. तीन महिने हवा होता, आणि तीन महिन्यांत मी केलं काय, तर एक उत्तम पत्र लिहिलं.

खाली जागृतीची स्कूटी लागल्याचा आवाज आला. मी उतरलो. पिशवी तिच्या हातात दिली, सह्यांच्या प्रती दिल्या, पेनही दिलं.

"उरलेली तू वाट," मी म्हणालो.

"तब्येत बरी आहे ना काका?"

"बरी आहे. माझं एक काम राहिलंय."

पुन्हा वर गेलो. खिसे रिकामे, हात रिकामे. आठ नंबरची बेल वाजवली. आतली भांडी थांबली. मग काठीचा आवाज दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"कोन?" गजाने आतून विचारलं.

आयुष्यभर या प्रश्नाला मी कचेरीचं नाव सांगितलं होतं, मागाहून सोसायटीचं. "मी," म्हणालो.

"मी म्हंजी?"

"दत्ता. कागद नाय आणला रं. गुडघा बघायला आलोय. मला आधीच इच्यारायला पायजे होतं गजा, मी चुकलो."

मी बेलला पुन्हा हात लावला नाही, आणि तिथून हललोही नाही. मग कडी निघाली, दार बोटभर उघडलं, आणि गजाचं तोंड दिसायच्या आधी त्याचा आवाज आला, तोच, पुलावरचा.

"चपला भायेर काढ. गौरानं आत्ताच लादी पुसलीय."